‘सुंदर’ लिहायचं नाही

कला-इतिहासाच्या आमच्या पदविका वर्गात पहिलाच मोठा गृहपाठ मिळाला, त्यात करायच्या गोष्टी कमी आणि करायच्या नाहीत अशा जास्त होत्या. विषय होता कान्हेरीच्या तीन क्रमांकाच्या लेण्याचा कोरीव दर्शनी भाग. त्याचं रूपविश्लेषण करायचं, शब्दमर्यादा पंधराशे. लिहून होईपर्यंत पुस्तक उघडायचं नाही. लेणं कोणी कोरवलं, कधी, कोणत्या राजाच्या काळात, हे लिहायचं नाही. मूर्तीला नाव द्यायचं नाही. आणि ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘मनोहारी’, ‘जिवंत’ हे शब्द दिसले की प्रत्येकी अर्धा गुण वजा.

वर्गातले आम्ही बरेचसे निवृत्त. मुलुंडहून येणारे एक काका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असत. त्यांनी जन्मभर मुलांना विशेषणं वापरायला शिकवलेली. ते हळूच म्हणाले, “मॅडम, मग उरतं काय?”

मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या आहेत. म्हणाल्या, “काका, भिंत उरते.”

मी बोरिवली पूर्वेला राहते. नॅशनल पार्कचं फाटक आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. तरी कान्हेरीला जायचं म्हणजे पाहुणे आले की, किंवा शाळेची सहल असली की, एवढाच आमचा रिवाज. पाहुण्यांना लेणी दाखवताना आपण भिंत पाहत नाही, पाहुण्यांकडे पाहतो, माकडांकडे पाहतो आणि हातातल्या पिशवीकडे पाहतो. गृहपाठासाठी एकटीनं जायचं ठरवलं तेव्हा घरातून सूचना आल्या, “अगं, सोमवारी बंद असतं हं. आणि खायचं काही पर्समध्ये ठेवू नकोस.” दोन्ही सूचना अनुभवाच्या होत्या.

आता रूपविश्लेषण म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते भिंतीसमोर उभं राहिल्यावरच कळलं. समोर जे दिसतं तेवढ्याच पुराव्यावर बोलायचं: दगडाचा पृष्ठभाग, उठाव किती, रेषा कुठून कुठे जाते, आकार चौकटीत कसा बसतो, कोण मोठं कोण लहान, उजेड कुठून येतो. आणि या सगळ्यावरून शेवटी एक विधान करायचं. नुसतं वर्णन म्हणजे विश्लेषण नव्हे. विधान नसेल तर तो पंचनामा होतो. आणि निरीक्षणाशिवाय विधान केलं तर ते भाषण होतं. या पद्धतीचा मोठा आचार्य हाइनरिश वोल्फ्लिन. त्याचं 1915 सालचं पुस्तक रेनेसाँ आणि बरोक या दोन काळांतल्या चित्रांकडे, शिल्पांकडे, इमारतींकडे केवळ कसं पाहिलं जातं याच्या जोरावर पाच जोड्या मांडतं. वर्गात दोन चित्रं शेजारी शेजारी पडद्यावर टाकून शिकवायची त्याची रीत तर आजही जगभर चालू आहे. मॅडमही तसंच शिकवतात. फक्त आमचा एक प्रोजेक्टर अधूनमधून संप करतो.

एकाच वस्तूसमोर किती वेळ उभं राहायचं, यावर वर्गात वाद झाला. हार्वर्डच्या जेनिफर रॉबर्ट्स नावाच्या प्राध्यापिका विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर सलग तीन तास बसवतात. त्यांनी स्वतः कोप्लीचं खारीसोबतच्या मुलाचं चित्र असं पाहिलं, तेव्हा मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या केसांच्या कडेशी जुळतो हे त्यांना नऊ मिनिटांनी दिसलं. वर्गात मॅडमनी हे सांगितल्यावर घाटकोपरची एक मुलगी, जी आर्किटेक्ट आहे आणि आमच्यात एकटीच खऱ्या अर्थानं तरुण आहे, म्हणाली, “नऊ मिनिटं? माझ्या साइटवर एवढ्यात स्लॅब मोजून होतो.” पण पुढे तीच सर्वांत जास्त वेळ कान्हेरीत बसली.

तर भिंत. पहिली अडचण ही की ती एक भिंतच नाही. अंगणातून तुम्ही आत येता. अंगणाभोवतीच्या बुटक्या भिंतीवर कठड्याची नक्षी आहे, दोन बाजूंना उंच स्तंभ आहेत. समोर कातळाचा पडदा: खाली जाड खांब, त्यांच्यावर मोठा आडवा पट्टा, त्याच्याही वर चौकोनी खिडक्या. पडद्यामागे ओसरी. ओसरीच्या मागच्या भिंतीत आत जायचं मुख्य दार, दाराच्या दोन अंगांना मोठाल्या कोरीव चौकटी, आणि वर प्रचंड कमान, जिच्यातून चैत्यगृहाच्या आत उजेड जातो. ओसरीच्या दोन टोकांच्या भिंतींवर समोरासमोर दोन अतिशय उंच उभ्या मूर्ती. पुस्तकं यांची उंची सुमारे 23 फूट सांगतात. पण पुस्तक उघडायचं नव्हतं, म्हणून मी माझ्यावरून मोजलं. मी पाच फूट दोन इंच. माझ्यासारख्या चार बायका एकीच्या डोक्यावर एक उभ्या केल्या तरी पाचवीला चढावंच लागेल. बाईमापाची ही पद्धत मॅडमना आवडली. फुटांचा आकडा वाचणाऱ्याला नुसता कळतो. माणसाच्या मापात सांगितलं की त्याला मान वर करावी लागते.

माप काढण्यात एक धोका आहे आणि तो फोनचा आहे. उंच मूर्तीच्या पायाशी उभं राहून फोन वर तिरका केला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात, पाय अवाढव्य होतात आणि डोकं लिंबाएवढं. घरी येऊन त्या फोटोवरून ‘मूर्तीचं डोकं शरीराच्या मानानं लहान आहे’ असं लिहिलं तर ते मूर्तीबद्दल नसतं, फोनबद्दल असतं. उपाय साधा आहे. एका मूर्तीचं प्रमाण पाहायचं असेल तर चालत दुसऱ्या टोकाच्या मूर्तीच्या पायाशी जायचं आणि तिकडून पाहायचं. ओसरीत मागे सरकायला जेवढी जागा आहे, तेवढी याच दिशेत आहे. दाराशेजारच्या चौकटी पाहायच्या तर पडद्याच्या खांबांना पाठ टेकेपर्यंत मागे यायचं. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे पेन्सिल. मला चित्र काढता येत नाही. पण रेघ ओढायची म्हटली की ती रेघ दगडात कुठे सुरू होते हे पाहावंच लागतं. फोन ती तसदी आपल्याला घेऊ देत नाही.

दाराशेजारच्या चौकटींवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. दोन्ही बाजूंना एकेक चौकट, प्रत्येकीत दोन जोडपी उभी. पुरुषांच्या डोक्यावर भरदार, निगुतीनं बांधलेली पागोटी. बायकांच्या पायांत जाडजूड तोडे. कानांतही जड दागिने, काही लांबट आकाराचे. मुलुंडच्या काकांनी या चौकटीवर लिहिलेला पहिला परिच्छेद वर्गात वाचून दाखवला: या दानशूर दांपत्यांच्या प्रसन्न चेहऱ्यांवर धर्मश्रद्धेचं तेज आहे, वगैरे. लिहिलं होतं झोकात. मॅडमनी विचारलं, “काका, दानशूर हे दिसलं कुठे?” खरंच, दगडात कुणी कुणाला काही देत नाही. “प्रसन्न म्हणजे ओठांचे कोपरे वर गेलेत, की तुम्हाला ते आवडले?” काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आवडले.” “मग आधी काय आवडलं ते शोधा, दगडातलं.”

त्यानंतर तो परिच्छेद आम्ही वर्गात मिळून पुन्हा लिहिला. तो इथे देते, म्हणजे हे काम कसं चालतं ते दिसेल. पहिलं वाक्य जागेचं: मुख्य दाराच्या प्रत्येक बाजूला, ओसरीच्या मागच्या भिंतीत, एक आडवी चौकट आणि तिच्यात चार पूर्णाकृती. दुसरं, आकृती आणि चौकट यांच्या नात्याचं: आकृती चौकटीची उंची जवळजवळ भरून टाकतात, डोक्यावर आणि पायाखाली रिकामी जागा थोडीच उरते, त्यामुळे त्या चौकटीत ठेवल्यासारख्या वाटत नाहीत, चौकट त्यांच्या मापाची केल्यासारखी वाटते. तिसरं, उठावाचं: शरीरं मागच्या पातळीपासून इतकी सुटी झाली आहेत की खांद्याजवळ आणि पायांजवळ गडद सावली पडते. चौथं, रेषेचं: शरीराच्या कडा रुंद आणि सलग, पण पागोटं, मेखला, तोडे या ठिकाणी रेषा बारीक आणि दाट होते. म्हणजे नजर सरळ खाली घसरत नाही. डोकं, कंबर, पाय अशी तीन ठिकाणी अडकत जाते, आणि चारही आकृतींत ही ठिकाणं साधारण एकाच पातळीवर असल्यामुळे नजर मग उभी न जाता आडवी जाऊ लागते. आणि आता विधान: या चौकटीत माणूस उभा आहे, पण रचना आडवी आहे, ती एकेका व्यक्तीला नव्हे, समूहाला दाराच्या बाजूला उभं करते.

काका म्हणाले, “यात दानशूर नाही, पण रांगेत उभे आहेत हे आलं.” त्यांना विश्लेषण कळलं ते या वाक्यात, असं माझं मत आहे.

उजेडाचा मुद्दा माझा स्वतःचा, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळते. ओसरीत उजेड येतो तो फक्त समोरच्या पडद्याच्या मोकळ्या जागांतून: खालून खांबांमधून, वरून खिडक्यांतून. जोडप्यांच्या चौकटी पडद्याला समांतर आहेत. म्हणजे उजेड त्यांच्यावर समोरून पडतो, आणि समोरून पडलेला उजेड उठाव मारून टाकतो. पासपोर्टच्या फोटोत नाक कुणाचंच दिसत नाही. उथळ कोरलं असतं तर या जागी सगळं सपाट दिसलं असतं. मला वाटतं, इथे उठाव एवढा खोल ठेवण्यामागे निदान एक कारण हे असावं. दोन टोकांच्या उंच मूर्तींचं उलट आहे. त्या पडद्याला काटकोनात उभ्या, त्यांच्यावर तोच उजेड बाजूनं येतो. बाजूचा उजेड हलक्या वळणाचीसुद्धा सावली करतो. आणि खरोखरच त्या मूर्तींवर कोरीव तपशील किती कमी आहे पाहा: अंगाला चिकटलेलं पातळ वस्त्र, त्यावर चुण्या जवळजवळ नाहीत, उजवा हात खाली, तळवा आपल्याकडे, डावा हात वर, वस्त्राचा काठ धरलेला. पृष्ठभाग गुळगुळीत सोडला आहे आणि वळणाचं सगळं काम उजेडावर सोपवलं आहे. एकाच ओसरीत, एकाच उजेडात, दोन प्रकारे विचार केलेला दगड.

इथे पुढचा प्रश्न आपोआप येतो: हे दोन विचार एकाच वेळचे का? पुस्तक न उघडता याचं उत्तर किती देता येतं, हीच या गृहपाठाची खरी परीक्षा होती.

लेण्यात एक गोष्ट इमारतीपेक्षा वेगळी असते. इथे काहीच जोडता येत नाही. आमच्या सोसायटीत चाळीस वर्षांत प्रत्येकानं काही ना काही लावलं: कुणी ग्रिल बाहेर काढलं, कुणी बाल्कनी बंद केली, एसीचे डबे टांगले. बाहेरून बघितलं की कोण आधी आणि कोण नंतर ते कळतं, कारण नंतरचं पुढे आलेलं असतं. कातळात नेमकं उलटं. नंतर येणाऱ्याला पुढे यायला दगडच शिल्लक नसतो, तो आतच जाऊ शकतो. एकतर आधीच्यानं साधी सोडलेली जागा त्यानं शोधायची, नाहीतर आधीची नक्षी कापून खोल जायचं. म्हणून जाणकार माणूस लेण्यात आधी मूर्तीचा चेहरा बघत नाही, कडा बघतो: या कोनाड्याची कड शेजारच्या नक्षीला मान देऊन थांबते, की मधूनच तोडते? कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात नंतरच्या बुद्धमूर्तींसाठी जुन्या कठड्याची नक्षी कापलेली सरळ दिसते. तिथे कुठल्याही शिलालेखाची गरज नाही. तुटलेली नक्षी स्वतःच क्रम सांगते.

कान्हेरीत जोडप्यांच्या चौकटींच्या वर बुद्धाच्या आणि इतर उभ्या-बसलेल्या मूर्ती आहेत. खालच्या आकृती एका मापाच्या, एका ओळीतल्या. वरच्यांची मापं वेगवेगळी. खालच्या चौकटी दाराच्या दोन बाजूंना एकमेकींना उत्तर देतात. वर तसा तोल धरलेला नाही, जागा मिळेल तिथे एकेक मूर्ती बसत गेली आहे. खाली दागिने जड, वर पेहराव वेगळा. एवढं मांडून मी लिहिलं की खालचा भाग एका योजनेतला आणि वरचा अनेक वेगवेगळ्या इच्छांचा. ‘नंतरचा’ हा शब्द मी लिहिला नाही, कारण वेगळं असणं म्हणजे नंतरचं असणं नव्हे. एका वेळी दोन कारागीर दोन पद्धतींनी काम करू शकतात. ही या पद्धतीची सीमा आहे आणि ती ओलांडायचा मोह फार होतो. रूप पाहून ‘एकसारखं नाही’ एवढं छातीठोक म्हणता येतं. ‘तीनशे वर्षांनंतरचं’ म्हणायला दुसरा पुरावा लागतो.

वही जमा केल्यावर मग पुस्तकं उघडली. चैत्यगृह दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. खर्च करणाऱ्या व्यापारी भावांपैकी एकाचं नाव गजसेन. उंच बुद्ध पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे. जेम्स बर्जेसनं फर्ग्युसनबरोबर 1880 मध्ये लेण्यांवरचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात या जोडप्यांबद्दल लिहिलं आहे: ही कल्पना कार्ल्यावरून उचललेली दिसते, पण काम तिथल्यापेक्षा सरस आहे, आणि कान्हेरीतल्या सगळ्या आकृतींत याच उत्तम. कारणही तो देतो ते मला फार आवडलं. या ठिकाणी दगडाचा कण बारीक आणि घट्ट आहे, म्हणे. आम्ही ‘निगुतीनं बांधलेली पागोटी’ म्हणून कारागिराला सगळं श्रेय दिलं होतं. बर्जेस निम्मं श्रेय दगडाला देतो. असली जड कर्णभूषणं आणि तोडे पुढच्या काळातल्या लेण्यांत किंवा चित्रांत दिसत नाहीत, यावरून तो ही जोडपी मूळ लेण्याच्या वेळचीच मानतो आणि वरच्या मूर्ती नंतरच्या. म्हणजे तोही पेहराव आणि रूप यांवरूनच निघाला होता. फक्त त्यानं इतकी लेणी पाहिली होती की ‘पुढच्या काळात दिसत नाहीत’ हे वाक्य तो लिहू शकला. आमच्यापैकी कुणाला ते लिहायचा अधिकार नव्हता. वोल्फ्लिनच्या शेजारी शेजारी टाकलेल्या दोन चित्रांचं मर्म मला इथे नीट कळलं: एक भिंत कितीही वेळ पाहिली तरी तिची तारीख तिच्यात सापडत नाही, ती सापडते दुसऱ्या भिंतीच्या शेजारी.

गुण मिळायच्या आधी आर्किटेक्ट मुलीशी माझं भांडण झालं ते मात्र मिटलेलं नाही. टोकाचे दोन उंच बुद्ध हे ‘दर्शनी भागा’त धरायचे की नाही? ती म्हणते, अजिबात नाही. दर्शनी भाग म्हणजे समोरून दिसणारा. अंगणातून सरळ पाहिलं तर पडद्यामुळे ते दिसत नाहीत, ओसरीत शिरून मान वळवावी लागते. तो आतला भाग झाला. मी म्हणते, बाई, हा दर्शनी भाग एका पातळीत उभाच नाही. तो अंगणाच्या कठड्यापासून सुरू होतो आणि दाराच्या उंबऱ्यापर्यंत थरांनी आत जातो, आणि उंबऱ्याआधी जे काही भेटतं ते त्यातच आलं. त्या दोन मूर्ती वगळल्या तर बाजूच्या उजेडाचा माझा सगळा युक्तिवादच कोसळतो, हेही खरं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

प्रकरण मॅडमकडे गेलं. त्यांनी दोघींच्या वह्या घेतल्या, पहिलं पान पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही दोघींनीही दर्शनी भाग कुठे सुरू होतो ते लिहिलंय. कुठे संपतो ते फक्त हिनं लिहिलंय.” तिला माझ्यापेक्षा एक गुण जास्त मिळाला. काकांचे दीड गुण वजा झाले, तीनदा ‘मनोहारी’ लिहिल्याबद्दल. ते म्हणतात, तिसरा मनोहारी जाणूनबुजून लिहिला होता. तेवढी किंमत त्या पागोट्याची होती.